सत्तर टक्के कशाचे? सर्वेक्षणाच्या प्रोजेक्टवरून ॲनालिस्टच्या नोकरीसाठी कव्हर लेटर

‘आयगेन डिकम्पोझिशन वापरून सर्वेक्षणाच्या डेटाचे विश्लेषण केले आणि ७० टक्के अचूकता मिळवली.’ संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या मुलामुलींच्या अर्जांत हे वाक्य किंवा त्याची भावंडे मला नेहमी भेटतात. त्यातला ‘अचूकता’ हा शब्द साफ चुकीचा आहे. आयगेन डिकम्पोझिशन कसलाच अंदाज बांधत नाही, मग अचूकता कुठून येणार? पत्र वाचणारा माणूस या विषयातला असेल तर तो इथेच थांबतो. नसेल तर त्याला वाक्य कळतच नाही आणि तो पुढच्या अर्जाकडे वळतो. दोन्हीकडून नुकसान उमेदवाराचेच.

प्रोजेक्ट बहुतेक वेळा चांगला असतो, पत्रात तो नीट उतरत नाही. तो कसा उतरवायचा हे एकाच उदाहरणावरून दाखवते. उदाहरणातले आकडे मी मुद्दाम सोपे घेतले आहेत, म्हणजे कागदावर पडताळून पाहता येतील.

समजा, चार मैत्रिणींनी शहरातल्या चार बसमार्गांवर ३०० प्रवाशांकडून फॉर्म भरून घेतले. सहा विधाने, प्रत्येकाला १ ते ५ गुण. तीन विधाने वेळेची: बस वेळेवर येते, थांब्यावर फार थांबावे लागते, फेऱ्या पुरेशा आहेत. तीन सोयीची: बस स्वच्छ असते, बसायला जागा मिळते, कंडक्टर नीट वागतो. अठरा फॉर्म अर्धवट निघाले, २८२ उरले.

आधी फाइल पुन्हा उघडा

पत्र लिहायला बसण्याआधी प्रोजेक्टचा कोड पुन्हा चालवा. वर्षभरापूर्वीच्या आठवणीवरून लिहिलेला आकडा मुलाखतीत दगा देतो. शिवाय या वेळी तुम्ही परीक्षकाच्या नजरेने पाहता, त्यामुळे तेव्हा सुटलेल्या चुका आता सापडतात. पायथॉनमध्ये NumPy `np` या नावाने घेतले आणि `X` मध्ये २८२ फॉर्मची सहा रकान्यांतली उत्तरे ठेवली की सगळे काम तीन ओळींचे आहे:

```python
R = np.corrcoef(X, rowvar=False)
w, v = np.linalg.eigh(R)
w, v = w[::-1], v[:, ::-1]
```

तिसरी ओळ विसरणारे खूप असतात. `eigh` आयगेनव्हॅल्यू चढत्या क्रमाने देते, म्हणजे सर्वांत लहान आधी. आरमधले `eigen` मात्र मोठी आधी देते. आर शिकून पायथॉनकडे आलेला विद्यार्थी पहिल्या दोन रकान्यांना ‘मुख्य घटक’ समजून बसतो, आणि प्रत्यक्षात त्याच्या हातात सर्वांत निरुपयोगी दोन दिशा असतात.

आपल्या उदाहरणात वेळेच्या तीन विधानांचा आपापसातला सहसंबंध ०.६, सोयीच्या तिन्हींचा ०.५ आणि वेळ व सोय यांच्यातला ०.२ धरू. मग आयगेनव्हॅल्यू येतात २.७१, १.४९, ०.५, ०.५, ०.४ आणि ०.४. बेरीज करा: सहा. प्रत्येक प्रश्न प्रमाणित केल्यावर त्याचा प्रसरण एक होतो, म्हणून सहा प्रश्नांची बेरीज सहाच आली पाहिजे. नाही आली तर कुठेतरी घोळ आहे. एखादी आयगेनव्हॅल्यू ऋण आली तर बहुधा रिकाम्या उत्तरांचा प्रश्न असतो. प्रत्येक जोडीसाठी वेगवेगळे फॉर्म धरून सहसंबंध काढले की मॅट्रिक्स आतून विसंगत होऊ शकते. अठरा अर्धवट फॉर्म बाजूला ठेवले ते याचसाठी.

पहिल्या दोहोंची बेरीज ४.२, भागिले ६, म्हणजे ७० टक्के. तोच तो प्रसिद्ध आकडा. तो सांगतो की लोकांच्या उत्तरांत जो फरक आहे त्यातला ७० टक्के फरक दोन दिशांत सामावतो. ७० टक्के लोकांशी त्याचा संबंध नाही, आणि अचूकतेशी तर नाहीच नाही. वरची तिसरी ओळ विसरली असती तर हाच आकडा १३ टक्के आला असता आणि सगळा प्रोजेक्ट वाया गेल्यासारखा वाटला असता.

‘थांब्यावर फार थांबावे लागते’ हे विधान उलटे आहे, ५ गुण म्हणजे वाईट. ते सुलटे करायला विसरलात तरी आयगेनव्हॅल्यू तशाच्या तशा येतात, बेरीजही सहाच. फक्त आयगेनव्हेक्टरमध्ये त्या एका प्रश्नाचे चिन्ह उलटते. म्हणजे टक्केवारी पाहून ही चूक कधीच सापडत नाही. ती पुढे दिशेला नाव देताना किंवा तीन प्रश्नांची साधी सरासरी काढताना डोके वर काढते. म्हणून टक्केवारी पाहून समाधान मानू नका, व्हेक्टर छापून पाहा.

दिशांना साध्या शब्दांत नाव द्या

पत्राची खरी तयारी इथे होते आणि बहुतेक जण इथेच घाई करतात. उलटे विधान सुलटे केल्यावर आपला पहिला आयगेनव्हेक्टर असा येतो: वेळेच्या तिन्ही प्रश्नांना ०.४४, सोयीच्या तिन्हींना ०.३७. सगळी चिन्हे सारखी. म्हणजे ज्याचा या दिशेवर गुण जास्त, तो सगळ्याच बाबतींत खूश आहे. समाधान मोजणाऱ्या सर्वेक्षणांत पहिली दिशा बहुधा अशीच निघते, आणि खरे सांगायचे तर त्यात नवे फारसे काही नसते. काही लोक स्वभावाने प्रत्येक ठिकाणी ४ आणि ५ लिहितात, त्याचाही यात वाटा असतो. पहिल्या दिशेचा शोध लागला म्हणून पत्रात जल्लोष करू नका.

दुसरा व्हेक्टर जास्त बोलतो: वेळेच्या तिन्हींना ०.३७, सोयीच्या तिन्हींना उणे ०.४४. इथे वेळ आणि सोय समोरासमोर उभ्या राहतात. एखाद्या मार्गाचा गुण या दिशेवर मोठा धन आला तर बस वेळेवर येते पण आत बसवत नाही. मोठा ऋण आला तर उलट. दुसऱ्या संगणकावर हीच चिन्हे नेमकी उलटी येऊ शकतात, कारण आयगेनव्हेक्टरला उणे एकने गुणले तरी तो आयगेनव्हेक्टरच राहतो. त्यामुळे ‘धन म्हणजे चांगले’ असे कुठेही लिहू नका.

आता याचा उपयोग काय? समजा, दोन मार्गांची सहाही प्रश्नांची सरासरी ३.१ आहे. व्यवस्थापकाच्या तक्त्यात दोन्ही सारखेच दिसणार. पण पहिल्या मार्गाला वेळेसाठी २.६ आणि सोयीसाठी ३.६ गुण आहेत, दुसऱ्याला बरोबर उलटे. एका मार्गाला जास्त फेऱ्या हव्यात, दुसऱ्याला मोठ्या आणि स्वच्छ बस. एका सरासरीने हे झाकून टाकले होते, दुसऱ्या दिशेने उघडे केले. तुमच्या पत्रातली बातमी ही आहे. आयगेन हा शब्द तिच्यासाठी एकदाच लागतो.

एका मोहापासून सांभाळा. ‘आयगेनव्हेक्टरवरून प्रवाशांसाठी सर्वांत महत्त्वाचे प्रश्न शोधले’ असे लिहिणारे बरेच भेटतात. एखाद्या प्रश्नाचा गुणांक मोठा असतो तो बाकीच्या प्रश्नांशी त्याची साथ असते म्हणून. प्रवाशाला त्याची किती पर्वा आहे हे त्यातून कळत नाही. महिलांच्या सुरक्षिततेबद्दलचा प्रश्न बाकी कशाशीच जुळला नाही तर या पद्धतीत तो मागे पडेल, आणि तरी कुणासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा असू शकेल.

आधी मराठीत लिहा

पत्र बहुधा इंग्रजीतच पाठवावे लागेल. तरीही मी मुलांना पहिला खर्डा मराठीत लिहायला लावते. कंपन्यांच्या इंग्रजीत भारदस्त क्रियापदांची एक ठरलेली रांग आहे, ती लावली की न समजलेली गोष्टही समजल्यासारखी दिसते. मराठीत तशी सोय नाही. ‘मी काय केले’ हे लिहिताना खरेच काय केले ते आठवावे लागते.

मराठीतला आणखी एक फायदा म्हणजे मी आणि आम्ही. प्रोजेक्ट गटाने केलेला असतो आणि पत्रात ‘विश्लेषण केले गेले’ अशी वाक्ये येतात. कुणी केले? वाचणाऱ्याला हेच तर हवे असते. प्रत्येक क्रियापदापाशी थांबून ठरवा, इथे आम्ही की मी. प्रश्नावली आम्ही केली, साफसफाई आणि विश्लेषण मी केले. असा सरळ हिशेब दिला की उरलेल्या दाव्यांवरही विश्वास बसतो.

प्रोजेक्टचा परिच्छेद लिहिताना क्रम असा ठेवा: कोणता प्रश्न होता, डेटा किती आणि कसा, साध्या पद्धतीने काय दिसत नव्हते, डिकम्पोझिशनने काय दिसले, त्यामुळे कोणता निर्णय बदलला आणि निष्कर्ष कुठवर लागू होतो. शेवटचा मुद्दा गाळू नका. फॉर्म सकाळी आठ ते दहामध्ये थांब्यावर भरून घेतले असतील, तर त्यात कॉलेजची मुले आणि नोकरदार जास्त असणार, दुपारी दवाखान्यात निघालेल्या आजीबाई नसणार. हे तुम्ही स्वतः लिहिले तर ती तुमची जाण ठरते. मुलाखतीत त्यांनी काढले तर तीच तुमची चूक ठरते.

सुरुवातीच्या परिच्छेदासाठी जाहिरात पुन्हा वाचा आणि तुमच्या प्रोजेक्टशी सर्वांत जवळचे काम कोणते ते एकच वाक्य शोधा. शाखांची तुलना, ग्राहकांचे अभिप्राय, साप्ताहिक अहवाल, जे असेल ते. त्या वाक्यापासून सुरुवात करा. ‘लहानपणापासून मला आकड्यांची आवड’ इथून नको.

समजा, किरकोळ विक्रीच्या एका कंपनीला ग्राहकांच्या प्रतिसादांवरून शाखांची तुलना करणारी व्यक्ती हवी आहे. मग पत्र असे होईल:

> प्रति,
> विभाग प्रमुख, डेटा विश्लेषण
>
> विषय: ज्युनियर ॲनालिस्ट पदासाठी अर्ज
>
> सप्रेम नमस्कार,
>
> ग्राहकांच्या प्रतिसादांवरून शाखांची तुलना करण्याचे काम या पदावर आहे, असे आपल्या जाहिरातीत वाचले. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये मी जवळजवळ हेच काम शहरातल्या बसमार्गांसाठी केले.
>
> आम्ही चौघींनी चार मार्गांवरच्या ३०० प्रवाशांना वेळ आणि सोय यांबद्दल सहा प्रश्न विचारले. पूर्ण भरलेले २८२ फॉर्म विश्लेषणासाठी घेतले. प्रश्नावली सगळ्यांची, डेटाची साफसफाई आणि विश्लेषण माझे. सहा उत्तरांची सरासरी काढली तेव्हा दोन मार्ग अगदी सारखे दिसत होते. सहसंबंधांच्या मॅट्रिक्सचे आयगेन डिकम्पोझिशन केल्यावर उत्तरांमधला ७० टक्के फरक दोन दिशांत सामावतो असे दिसले. पहिली एकंदर समाधानाची, दुसरी वेळ आणि सोय यांच्यातल्या तफावतीची. दुसऱ्या दिशेवर हेच दोन मार्ग दोन टोकांना गेले. एकावर बस उशिरा येते, दुसऱ्यावर वेळेवर येते पण बसायला जागा मिळत नाही. म्हणून अहवालात आम्ही प्रत्येक मार्गाला एकाऐवजी दोन गुण दिले. फॉर्म सकाळी आठ ते दहा याच वेळेत भरून घेतले होते, त्यामुळे दुपारच्या प्रवाशांबद्दल यावरून काही सांगता येणार नाही.
>
> हे काम मी पायथॉनमध्ये केले. एसक्यूएलमध्ये टेबल जोडणे आणि गटवार बेरजा काढणे मला जमते. जाहिरातीत उल्लेख असलेले डॅशबोर्डचे सॉफ्टवेअर मी अजून वापरलेले नाही, पण अहवालातले तक्ते एक्सेलच्या पिव्हट टेबलमध्ये केले आहेत.
>
> अहवालाची दोन पाने आणि कोड सोबत जोडला आहे. आपण सांगाल त्या दिवशी भेटायला येऊ शकेन.
>
> आपली विश्वासू,

पत्रात २.७१ नाही आणि १.४९ नाही. व्हेक्टरचे गुणांकही नाहीत. ते जोडलेल्या दोन पानांत आहेत. पत्र वाचणारी व्यक्ती मनुष्यबळ विभागाची असेल तर तिला बसची गोष्ट कळते, आणि पत्र पुढे विश्लेषण विभागात गेले तर तिथल्या माणसाला पद्धतही कळते. ‘अजून वापरलेले नाही’ हे वाक्य लिहायला मुले घाबरतात. मला ते वाचून बरे वाटते, कारण मग ‘जमते’ म्हटलेल्या गोष्टी खरेच जमत असाव्यात असे धरून चालता येते.

प्रत्येक वाक्यापुढे एक प्रश्न लिहा

पत्र पाठवण्याआधी त्याची प्रत छापा आणि समासात मुलाखत घेणाऱ्याचे प्रश्न लिहा. ज्या वाक्याच्या प्रश्नाला उत्तर नाही ते वाक्य काढा किंवा उत्तर तयार करा. या पत्रावर माझ्याकडून तीन प्रश्न नक्की येतील.

दोनच दिशा का घेतल्या? ‘आयगेनव्हॅल्यू एकपेक्षा मोठ्या होत्या’ हे पाठ्यपुस्तकी उत्तर. एकपेक्षा मोठी म्हणजे एका प्रश्नापेक्षा जास्त फरक सांभाळणारी दिशा, इतका त्याचा अर्थ. अडचण अशी की उत्तरे निव्वळ नाणेफेक करून भरली असती, तरी पहिली आयगेनव्हॅल्यू एकच्या वरच आली असती. सहा प्रश्न आणि २८२ फॉर्म असतील तर साधारण १.२ च्या आसपास. म्हणून पॅरलल ॲनालिसिस करतात: तेवढ्याच आकाराचा यादृच्छिक डेटा शेकडो वेळा बनवून त्याच्या आयगेनव्हॅल्यूंशी आपल्या ताडून पाहायच्या. आपली दुसरी १.४९ आहे, यादृच्छिक डेटातल्या पहिलीपेक्षाही बरीच वर. हे काम अर्ध्या तासाचे आहे. प्रोजेक्टमध्ये केले नसेल तर आता करा.

कोव्हेरियन्स मॅट्रिक्स का नाही घेतली? इथे सगळे प्रश्न १ ते ५ याच मापात आहेत, त्यामुळे दोन्ही चालल्या असत्या. एखाद्या प्रश्नाची उत्तरे जास्त पसरली म्हणून त्याला जास्त वजन मिळू नये, एवढ्यासाठी सहसंबंध घेतले. प्रवाशाचे मासिक उत्पन्न रुपयांत याच डेटात असते तर कोव्हेरियन्समध्ये पहिली दिशा जवळजवळ एकट्या उत्पन्नाची झाली असती.

तिसरा प्रश्न जरा कुचका आहे. १ ते ५ हे खरे आकडे आहेत का? नाहीत. त्यांना क्रम आहे, पण १ ते २ आणि ४ ते ५ हे अंतर सारखेच आहे असे कुणी सिद्ध केलेले नाही. पॉलिकोरिक सहसंबंध काढून दिशा तशाच राहतात का हे पाहणे हा त्यावरचा उपाय. पाहिले असेल तर तसे सांगा. नसेल तर ‘पाहिलेले नाही, पण असे पाहीन’ म्हणा. उत्तर सजवायला गेलात तर पुढचा प्रश्न तिथूनच येतो.

नोकरी सामाजिक किंवा आरोग्य क्षेत्रातल्या संशोधन संस्थेत असेल तर पत्रात एक दुवा जोडता येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कुटुंबांचे जे संपत्तीनुसार पाच गट पडतात, ते याच पद्धतीने पडतात. घरात पंखा, टीव्ही, सायकल आहे का, पाणी आणि शौचालय कसे आहे, या उत्तरांवरून पहिला मुख्य घटक काढायचा आणि त्याच्या गुणावरून पाच भाग करायचे. अशा संस्थेत ‘आपल्या संपत्ती निर्देशांकामागची पद्धत मी लहान प्रमाणावर वापरली आहे’ हे वाक्य लगेच समजते. किरकोळ विक्रीच्या कंपनीला मात्र ते पाठवू नका, तिथे ते उगाच मिरवल्यासारखे दिसेल.

मग इंग्रजीत उतरवा. मराठी खर्ड्यातले प्रत्येक वाक्य एका इंग्रजी वाक्यात आले पाहिजे आणि एका पानाच्या आत संपले पाहिजे. इंग्रजीत कुठे ‘अचूकता’ किंवा ‘सिद्ध झाले’ या अर्थाचा शब्द शिरला असेल तर तो तुमच्या मराठी खर्ड्यात होता का ते पाहा. नसेल तर खोडा.